डेटाचा आराखडा शेवटाकडून लिहावा

संशोधन प्रकल्पासाठी निधी मागायचा तर अर्जासोबत हल्ली आणखी दोन पानं जोडावी लागतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी 2011 पासून ती सक्तीची केली, आणि मर्यादाही दोनच पानांची घातली. आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या त्यांच्या एनआयएच या संस्थेने जानेवारी 2023 पासून आपला नियम आणखी कडक केला. अशा संस्थांचा निधी घेणाऱ्या भारतीय विद्यापीठांनाही ही पानं लिहावीच लागतात. त्यांना डेटा व्यवस्थापन आराखडा म्हणतात. प्रकल्पात गोळा होणारी माहिती कुठे ठेवणार, तिच्या प्रती कशा काढणार, इतरांना काय देणार आणि काम संपल्यावर किती वर्षं जपणार, हे त्यात सांगायचं असतं.

बहुतेक अर्जांत ही पानं शेवटच्या रात्री भरली जातात आणि म्हणून सगळी सारखीच दिसतात. ‘डेटा सुरक्षित ठेवला जाईल. नियमित बॅकअप घेतला जाईल. योग्य मागणी आल्यास माहिती दिली जाईल. पाच वर्षं जपणूक होईल.’ वाक्यं चुकीची नाहीत, पण त्यांत कर्ता नाही. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, यातलं काहीच नाही. दुसरी अडचण क्रमाची. रकाने साठवणीपासून सुरू होतात आणि जपणुकीवर संपतात, म्हणून माणूस त्याच क्रमाने विचार करतो. प्रत्यक्षात शेवटच्या रकान्यातलं उत्तर पहिल्या दिवशीच्या कामावर अवलंबून असतं. कसं, ते एका प्रकल्पावर पाहू.

साठ बायका, नव्वद तास

समजा, एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा दोन वर्षांचा अभ्यास करायचा आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल, कारखान्याच्या तळावरचं कोपीतलं राहणं आणि बायकांचं आरोग्य, असा विषय. 2019 मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला होता आणि सरकारने चौकशी समिती नेमली होती. म्हणजे विचारायचे प्रश्न नाजूक आहेत. 60 बायकांच्या प्रत्येकी दीड तासाच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि 400 कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, असं ठरलं. प्रकल्पात एक प्राध्यापक, दोन संशोधक विद्यार्थिनी आणि मुलाखती ऐकून टंकलेखन करणारी एक व्यक्ती आहे.

आधी जागेचा हिशेब करू, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. चांगल्या रेकॉर्डरवर 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ अशा दर्जाने मुद्रण केलं तर तासाला जवळपास 1 जीबी जागा लागते. 90 तासांचे झाले सुमारे 93 जीबी. फोटो, संमतीपत्रांची स्कॅन आणि टंकलिखित मजकूर धरून 150 जीबी म्हणा. त्याच्या तीन प्रती केल्या तरी 450 जीबी. बाजारात सहज मिळणाऱ्या 1 टीबीच्या डिस्कवर हा अख्खा प्रकल्प कितीदा तरी मावेल. सामाजिक शास्त्रांच्या प्रकल्पांत जागा कमी पडून डेटा क्वचितच जातो. तो जातो तो हातांतून.

संमतीपत्रातलं एक वाक्य

आता शेवटून सुरुवात करू. प्रकल्प संपल्यावर या मुलाखती इतर संशोधकांना द्यायच्या का? ‘पुढे पाहू’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण या प्रश्नाचा निकाल पहिल्या मुलाखतीआधी संमतीपत्रावर लागलेला असतो. अनेक विभागांत वर्षानुवर्षं फिरणाऱ्या नमुन्यात एक वाक्य असतं: ‘ही माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल व नंतर नष्ट करण्यात येईल.’ लिहिणाऱ्याला ते सभ्य वाटतं. पण त्यावर सही किंवा अंगठा झाला की दार बंद. पुढे आराखड्यात कितीही चांगलं लिहिलं तरी त्या बाईला दिलेला शब्द मोडल्याशिवाय एक ओळही बाहेर देता येत नाही. तीन वर्षांनी परत जाऊन 60 जणींची नव्याने संमती घेणं जवळजवळ अशक्य. त्यातल्या निम्म्या तेव्हा कुठल्या कारखान्यावर असतील, हे गावातही कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून संमती सुट्या प्रश्नांत घ्यावी आणि प्रत्येकाला हो किंवा नाही असं वेगळं उत्तर असावं. मुलाखत द्याल का? ती रेकॉर्ड करू का? नाव-गाव काढलेला मजकूर दुसऱ्या अभ्यासकांना वाचायला देऊ का? तुमचा आवाज ऐकवू का? नंतर मन बदललं तर कोणत्या तारखेपर्यंत सांगता येईल आणि कोणाला, तेही त्यातच लिहावं. तिसऱ्या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या बायका चौथ्याला नाही म्हणू शकतात, आणि त्यांना तसं म्हणता आलं पाहिजे.

लिहिता न येणाऱ्या बाईची संमती बऱ्याचदा तोंडी घेतात आणि रेकॉर्ड करतात. तिथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. ‘मी अमुक, राहणार तमुक, मला हे मान्य आहे’ हे वाक्य मुलाखतीच्याच फाइलमध्ये गेलं तर ती फाइल कायमची नावाला बांधली जाते. म्हणून संमती बोलून झाली की रेकॉर्डर थांबवावा आणि मुलाखत नव्या फाइलमध्ये सुरू करावी. दहा सेकंदांचं काम आहे. ते राहिलं तर पुढे 60 फाइलींची काटछाट करत बसावं लागतं.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली नाही

नावं काढून टाकली की डेटा निनावी झाला, असं समजण्यात मोठा धोका आहे. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी, नाव-पत्ता काढून, संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. त्यांत जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिन कोड शिल्लक होता. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख शहरात सहाच जणांची होती. त्यांत पुरुष तीन आणि त्या पिन कोडमधला एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद अशी उघडी पडली.

आपल्या प्रकल्पात तर मतदार यादीचीही गरज नाही. एका टोळीत मोजके कोयते असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ‘वय 38, विधवा, भावासोबत कोयता धरते, तीन मुली, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन’ एवढं वाचलं की टोळीचा मुकादम नाव सांगेल. त्या मुलाखतीत तिने उचलीच्या हिशेबाबद्दल काही बोललं असेल तर पुढच्या हंगामात तिला टोळीत घेतलं जाणार नाही, हा नुसता तर्क नाही. कोणाच्या हाती काय पडलं तर काय होईल, हा विचार या दोन पानांमागे असावा लागतो.

त्यामुळे मजकूर बाहेर देण्याआधी ओळखीच्या खुणा बोथट कराव्या लागतात. 38 वय ‘35 ते 44’ होतं. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा येतो. कारखान्याच्या नावाऐवजी ‘पश्चिम महाराष्ट्रातला सहकारी कारखाना’ येतो. दवाखान्याचं आणि मुकादमाचं नाव जातं. पण हे तारतम्याने करायचं. विधवा असणं हाच तिच्या कहाणीचा गाभा असेल तर तो खोडून मजकुराला अर्थ राहणार नाही. तिथे तपशील ठेवावा आणि वाचणारे कमी करावेत.

मग साऱ्या सामग्रीचे तीन कप्पे पडतात. कोरी प्रश्नावली, संमतीपत्राचा नमुना आणि 400 कुटुंबांचे गटवार आकडे सर्वांसाठी खुले. खुणा बोथट केलेल्या मुलाखतींचा मजकूर अर्ज करून, अटी मान्य करणाऱ्या अभ्यासकालाच. आवाज मात्र बंद, कारण आवाजातून ओळख काढून टाकता येत नाही. गावात तर दोन वाक्यांत बाई ओळखू येते. अपवाद फक्त चौथ्या प्रश्नाला हो म्हटलेल्यांचा, आणि तोही दुसऱ्या कप्प्याच्या अटींवर. खुल्या कप्प्यासाठी झेनोडोसारखं भांडार आहे. सर्न या युरोपीय संस्थेने 2013 मध्ये सुरू केलेलं हे भांडार फुकट आहे आणि प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक देतं, त्यामुळे दुसऱ्याला ती संदर्भात दाखवता येते.

कायद्याचं एक भान ठेवावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट आहे, पण सशर्त. त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांनी ठरवलेले निकष पाळायचे. ‘संशोधन आहे’ एवढं म्हटलं की सगळं माफ, असं नाही.

साठवण: मूळ कुठलं, किल्ली कोणाकडे

शेवट ठरला की साठवणीचा रकाना जवळजवळ आपोआप भरतो. प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी एक सांकेतिक क्रमांक मिळतो, आणि फाइलच्या नावात तारीख आणि तो क्रमांक एवढंच येतं: `2025-10-08_BD014_v01.wav`. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘final’, ‘final2’, ‘navin final’ अशी नावं टळतात. BD014 म्हणजे कोण, ही यादी एकाच फाइलमध्ये. ती एन्क्रिप्ट करून, मुलाखतींपासून वेगळ्या जागी ठेवायची आणि तिचा पासवर्ड फक्त प्राध्यापक आणि विभागाने नेमलेल्या आणखी एका व्यक्तीकडे. हीच या प्रकल्पाची किल्ली. मुलाखती हरवल्या तर नुकसान विद्यापीठाचं, किल्लीसह बाहेर गेल्या तर नुकसान त्या 60 जणींचं.

मूळ प्रत विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा विद्यापीठाच्या नावाच्या क्लाउड खात्यात असावी. व्यवहारात ती विद्यार्थिनीच्या स्वतःच्या ईमेल खात्यात असते, कारण तेच हाताशी असतं. ती पदवी घेऊन नोकरीला गेली की डेटाही तिच्यासोबत जातो. दुसरी गळती व्हॉट्सॲपची. टंकलेखनासाठी रेकॉर्डिंग पाठवायचं सोपं साधन म्हणून ते वापरलं जातं. मग पाठवणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि कदाचित त्यांच्या फोन-बॅकअपमध्येही त्या बाईचा आवाज राहतो आणि कोणालाच तो आठवत नाही. आराखड्यात स्पष्ट लिहावं: टंकलेखनासाठी फाइल फक्त सामायिक फोल्डरमधून, मुदतीच्या परवानगीने. काम झालं की परवानगी बंद.

प्रश्नावलीच्या तक्त्याला शब्दसूची हवी. प्रत्येक रकाना म्हणजे काय आणि त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे काय, याची ती यादी. समजा ‘मुलांची संख्या’ या रकान्यात उत्तर न मिळाल्यास 9 लिहायचं, असं गावात फिरताना ठरलं. ते फक्त दोघींना माहीत. चार वर्षांनी तिसरा कोणी सरासरी काढेल तेव्हा त्या घरांत नऊ-नऊ मुलं असतील आणि निष्कर्ष फुगेल. अशी चूक तक्त्याकडे पाहून कळत नाही. कळण्याची एकच खूण म्हणजे 7 किंवा 8 क्वचित, पण 9 मात्र वारंवार. न मिळालेल्या उत्तराला −99 सारखा, खरा असूच शकत नाही असा आकडा द्यावा आणि तो लिहून ठेवावा.

बॅकअप: एका हुकमाने मरणार नाही अशी प्रत

बॅकअपचा रूढ नियम 3-2-1 असा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. नियम सोपा आहे, पण त्याचा अर्थ एका दुर्घटनेतून नीट कळतो.

डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून 77 टीबी डेटा पुसला गेला. सुमारे 3 कोटी 40 लाख फाइली, 14 संशोधन गट. चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळाला नाही. हा ना व्हायरस होता, ना आग. खुद्द बॅकअपच्याच आज्ञावलीने हा घोटाळा केला. दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदफाइली पुसण्याचं काम तिच्यात होतं. ती चालू असतानाच पुरवठादार कंपनीने तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर चढवली. अर्धवट वाचलेल्या आज्ञावलीत ‘कुठलं पुसायचं’ हे सांगणारा भाग रिकामा राहिला आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली गेल्या. प्रतींची संख्या कितीही असो, एकाच हुकमाच्या टप्प्यात असलेल्या सगळ्या प्रती बॅकअपच्या हिशेबाने एकच.

याच कारणाने क्लाउडशी जुळवून ठेवलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसलं की क्लाउडवरूनही ते जातं. काही दिवस कचरापेटीत सापडतं, पण चूक महिन्याने लक्षात आली तर हात चोळत बसायची वेळ येते. निदान एक डिस्क अशी हवी की जी प्रत काढण्यापुरतीच जोडली जाते आणि एरवी कपाटात असते.

गावात काम करताना हे कसं दिसेल? संध्याकाळी मुक्कामी आल्यावर रेकॉर्डरमधलं कार्ड लॅपटॉपला लावायचं. फाइली लॅपटॉपवर उतरवायच्या, मग एका एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर. लॅपटॉप एकीच्या पिशवीत, डिस्क दुसरीच्या. दोन्ही प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. तिसरी प्रत नेटवर्क मिळेल तेव्हा विद्यापीठाच्या सर्व्हरवर, पण आठवड्याच्या आत.

‘तपासून’ म्हणजे फाइल उघडते का, एवढंच पाहणं नव्हे. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून संगणक 64 अक्षरांची एक खूण काढू शकतो. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी ही खूण पार बदलते. मूळ फाइलींच्या खुणांची यादी आधी करून ठेवायची आणि पुढे प्रत्येक प्रत त्या यादीशी ताडायची. लिनक्सवर त्यासाठी दोन ओळी पुरतात:

```
sha256sum *.wav > yadi.sha256
sha256sum -c yadi.sha256
```

पहिली ओळ यादी बनवते. `yadi.sha256` प्रतीच्या फोल्डरमध्ये नेऊन तिथे दुसरी चालवली की प्रत्येक फाइलपुढे `OK` किंवा `FAILED` दिसतं. डिस्क खराब होऊ लागल्याची खबर यातून फाइल उघडेनाशी होण्याच्या कितीतरी आधी मिळू शकते. आणि दर तीन महिन्यांनी, बॅकअपच्या डिस्कवरून एखादी मुलाखत दुसऱ्याच संगणकावर उतरवून, पासवर्ड टाकून, पूर्ण ऐकावी. पासवर्ड कोणालाच आठवत नाही, हे संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

किती वर्षं, कोणाच्या नावावर

2014 मध्ये करंट बायॉलॉजी या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. 2 ते 22 वर्षं जुन्या 516 शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागण्यात आला. निबंध जेवढा जुना, तेवढा डेटा मिळणं कठीण. डेटा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षाला सुमारे 17 टक्क्यांनी घसरत होती. कारणं साधी होती. लेखकाचा ईमेल बंद झालेला, किंवा डेटा जुन्या संगणकावर, आता वाचता न येणाऱ्या माध्यमावर.

मराठीत याला एक जास्तीचं कारण आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेलं साहित्य आपल्या विभागांत भरपूर आहे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल शाबूत, खुणेची तपासणी `OK`, पण वाचता येत नाही. म्हणून मुलाखतींचा मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवावा. तक्ता एक्सेलमधून बाहेर काढताना `CSV UTF-8` हा पर्याय निवडावा. नुसता `CSV` निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. आवाज संकुचित न करता डब्ल्यूएव्हीमध्ये.

मुदतीचं बोलायचं तर ब्रिटन-जर्मनीच्या निधी संस्था साधारण दहा वर्षं धरतात. पण सगळ्याला एकच मुदत लावणं हीच चूक. खुणा बोथट केलेला मजकूर आणि आकडे भांडारात कायम राहू शकतात. आवाज दहा वर्षं. किल्लीची यादी मात्र लवकर जावी. बायकांनी माघार घेण्याची मुदत संपली आणि पुन्हा भेटीचं काम उरलं नाही की प्रकल्पानंतर, समजा, दोन वर्षांनी. नुसतं डिलीट केल्याने फाइल डिस्कवरून जाईलच असं नाही. सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्डच्या सगळ्या नोंदी नष्ट करणं हा खात्रीचा मार्ग. यादी कोणी, कधी नष्ट केली, याची नोंद मात्र ठेवावी.

आणि जबाबदारी व्यक्तीच्या नावे लिहू नये, पदाच्या नावे लिहावी. प्राध्यापक निवृत्त होतात, विद्यार्थिनी पुढे जातात, विभागप्रमुख हे पद राहतं. आराखडा दर सहा महिन्यांनी उघडून बदलत्या कामाप्रमाणे दुरुस्तही करावा.

तो कामाचा आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती ती दोन पानं द्या आणि दोन प्रश्न विचारा. BD014 ने उद्या माघार घेतली तर तिच्या मुलाखतीच्या प्रती कुठे-कुठे आहेत आणि त्या कोण पुसणार? आणि आज रात्री विद्यापीठाचा सर्व्हर बंद पडला तर सकाळी काम कुठल्या प्रतीवरून सुरू होणार? पानं वाचून दोन्ही उत्तरं सापडली तर आराखडा झाला. कोणाला तरी फोन करावा लागला, तर ज्याला फोन केला त्याच्या डोक्यातली माहिती आधी कागदावर उतरवा.